आरोपपत्र कसे वाचावे

गुन्ह्याचा तपास संपल्यावर तपासी अंमलदार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जो अहवाल पाठवतो, त्याला आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतात. गुन्हा घडला असे पोलिसांना वाटते का, वाटत असेल तर कोणी केला, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमांखाली, हे कोण सांगणार आणि कशावरून सांगणार, एवढ्या प्रश्नांची पोलिसांनी दिलेली उत्तरे त्यात असतात. १ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली हा अहवाल जात असे. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली जातो. आतला मजकूर फारसा बदललेला नाही.

तपासानंतर प्रत्येक वेळी आरोपपत्रच जाते असे नाही. गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडत नाही, असे दिसले तर महाराष्ट्रात 'अ' समरी पाठवली जाते. फिर्यादच खोटी निघाली तर 'ब' समरी, आणि गैरसमजुतीतून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून तक्रार झाली असेल तर 'क' समरी. ती मान्य करायची की पुढे तपास करायला सांगायचे, हे न्यायदंडाधिकारी ठरवतात. पोलीस पाठवतात तो अहवालच असतो, निकाल नव्हे.

कसाल तिठ्यावर एखादा अपघात झाला आणि त्यात माणूस दगावला, तर तपासाचे कागद कुडाळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर येतात, कारण कसाल कुडाळ तालुक्यात आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला सहसा तिथेच चालतो. तेच प्रकरण खुनाचे असेल तर न्यायदंडाधिकारी ते सत्र न्यायालयाकडे, म्हणजे ओरोसला, वर्ग करतात, कारण खुनाचा खटला चालवण्याचा अधिकार त्यांना नसतो. अपघाताचे आरोपपत्र काही डझन पानांत आटोपते: फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा, शवविच्छेदनाचा अहवाल, वाहन तपासल्याचा अहवाल, लायसन्स आणि विम्याच्या प्रती, सात-आठ जबाब. मोठ्या प्रकरणात हाच सांगाडा हजारो पानांपर्यंत वाढतो. तो सांगाडा नीट दिसण्यासाठी महाराष्ट्रातले एक मोठे आणि निकालांमुळे जवळजवळ पूर्ण उघड झालेले उदाहरण घेणे सोयीचे आहे, ते म्हणजे मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे.

मुंबई गुन्हे शाखेने ते आरोपपत्र २५ फेब्रुवारी २००९ रोजी दाखल केले. पाने अकरा हजारांहून अधिक आणि साक्षीदार दोन हजारांहून अधिक होते. जिवंत पकडला गेलेला हल्लेखोर अजमल कसाब २७ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर लगेच ताब्यात आला होता. त्या तारखेपासून मोजले तर २५ फेब्रुवारी हा नव्वदावा दिवस येतो. हा आकडा योगायोगाचा वाटत असला तरी त्यामागे कायदा आहे. आरोपी कोठडीत असेल तर फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत आरोपपत्र दाखल व्हावे लागते. नाही झाले, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मग पुरावा कितीही भक्कम असो, न्यायालय तो पाहतसुद्धा नाही. काही खास कायद्यांत ही मुदत वाढवून मिळते, दहशतवादविरोधी कायद्यात १८० दिवसांपर्यंत. पण एरवी मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात झेरॉक्सच्या गठ्ठ्यांची जी धावपळ चालते, तिचे कारण हेच. घाईत दाखल झालेल्या आरोपपत्रात 'अहवाल प्राप्त होताच सादर करण्यात येईल' अशा ओळी दिसू लागतात, त्याही याच मुदतीमुळे.

आरोपपत्राच्या सुरुवातीला छापील नमुना असतो. जिल्हा, पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, फिर्यादीचे नाव, तपासी अंमलदाराचे नाव, मग कायदा आणि कलमे, जप्त मुद्देमाल, आरोपींची माहिती, साक्षीदारांची यादी आणि शेवटी थोडक्यात हकीकत. सामान्य वाचक बहुधा हकीकतीपासून सुरुवात करतो, कारण ती गोष्टीसारखी वाचता येते. पण ती तपासी अंमलदाराने सगळे कागद जुळवून लिहिलेली असते. 'आरोपीने कट रचून' असे त्यात ठामपणे लिहिलेले असले तरी तो पोलिसांचा निष्कर्ष आहे. त्या वाक्याला कोणता जबाब आणि कोणता पंचनामा आधार देतो, हे मागच्या पानांत शोधावे लागते. आधार सापडला नाही, तर ते वाक्य नुसतेच उरते. नुसत्या हकीकतीने भागत नाही, प्रत्येक आरोपीची भूमिका आणि तिच्यामागचा पुरावा अहवालातून स्पष्ट दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दोन वेगवेगळ्या निकालांत बजावले आहे.

आरोपींच्या यादीत दोन भाग असतात, आणि दोन्ही वाचावे लागतात. एका भागात ज्यांच्यावर खटला चालवायचा ते, दुसऱ्यात ज्यांचा संशय आला होता पण पुरावा न मिळाल्याने ज्यांना वगळले ते. फिर्यादीत नाव असलेला माणूस दुसऱ्या रकान्यात गेलेला दिसला, की गावात चर्चा सुरू होते. ती नेहमीच चुकीची नसते, पण वगळण्याचे कारण कागदावर असते आणि फिर्यादीला त्याविरुद्ध न्यायालयात म्हणणे मांडता येते. मुंबईच्या आरोपपत्रात अटकेत असलेले तिघे होते, कसाब आणि दोन भारतीय नागरिक. 'पाहिजे आरोपी' म्हणून आणखी ३५ जणांची नावे होती, बहुतेक सीमेपलीकडची. चकमकींत मारले गेलेले नऊ हल्लेखोर खटल्याला उभे राहू शकत नव्हते, पण त्यांची कृत्ये हकीकतीतून वगळता येत नव्हती, कारण कसाबवरचा आरोप त्यांच्याशी जोडलेला होता.

इथून कलमांकडे यावे लागते. प्रत्येक कलम म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टींची एक यादी असते. खुनाच्या कलमात मृत्यू झाला हे दाखवून भागत नाही. तो आरोपीच्या कृत्यामुळे झाला आणि मारण्याचा हेतू किंवा तशी जाणीव होती, हेही दाखवावे लागते. कसाब आणि त्याचा साथीदार यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालयाचा परिसर आणि पुढे गिरगाव चौपाटीपर्यंतच्या रस्त्यावर गोळीबार केला. ताज, ओबेरॉय किंवा नरिमन हाउसमध्ये कसाब पोचलाही नव्हता. तरीही १६६ मृत्यूंची जबाबदारी त्याच्यावर ठेवली गेली, ती गुन्हेगारी कटाच्या कलमामुळे. कट सिद्ध झाला की कटातल्या एकाने ठरल्याप्रमाणे केलेले कृत्य सगळ्यांचे ठरते. त्यामुळे त्या आरोपपत्रात खुनाच्या पुराव्याइतकाच जागा व्यापणारा भाग होता कटाच्या पुराव्याचा: प्रशिक्षण, समुद्रप्रवास, हल्ल्याच्या वेळी बाहेरून फोनवर येणारे आदेश.

त्याशिवाय भारताविरुद्ध युद्ध पुकारल्याचे कलम होते. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, शस्त्रास्त्र कायदा, स्फोटक पदार्थांचा कायदा, परदेशी नागरिकांचा कायदा, रेल्वे कायदा, सीमाशुल्क कायदा यांतली कलमेही होती. सीमाशुल्काचे कलम वाचून हसू येण्याचा संभव आहे, पण हत्यारे आणि स्फोटके चोरट्या मार्गाने किनाऱ्यावर उतरवली गेली होती आणि तो वेगळा गुन्हाच आहे. यांतल्या काही कलमांसाठी सरकारची किंवा जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त यांसारख्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते. युद्ध पुकारल्याचा खटला सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय दाखलच करून घेऊ शकत नाही. असे मंजुरीचे आदेश आरोपपत्रात जोडलेले आहेत का, त्यांवर तारीख कोणती आहे, हे वकील सर्वांत आधी पाहतो, कारण मंजुरीत चूक निघाली तर त्या कलमापुरता खटला कोलमडतो, मग पुरावा काहीही असो.

जास्त कलमे म्हणजे जास्त भक्कम प्रकरण, हा समज मात्र चुकीचा आहे. मालवणचे उदाहरण सिंधुदुर्गातल्या वाचकांना जवळचे आहे. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते अनावृत झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. मालवण पोलीस ठाण्यात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याच्या फिर्यादीवरून शिल्पकार आणि संरचना सल्लागार यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. त्यात भारतीय न्याय संहितेची कलमे १०९, ११०, १२५ आणि ३१८ होती, शिवाय सामाईक इराद्याचे कलम ३(५) आणि सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा कायदा. या आकड्यांमागे एक उतरंड आहे. १०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न, ११० म्हणजे सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न, १२५ म्हणजे बेफिकिरीने किंवा निष्काळजीपणाने इतरांचा जीव धोक्यात घालणे. कृत्य एकच असू शकते. फरक पडतो तो मनातल्या जाणिवेत. पहिल्यात माणूस मरावा असा हेतू किंवा त्याच्या जवळची जाणीव लागते, तिसऱ्यात बेफिकिरी पुरते. शिक्षेतही तेवढेच अंतर आहे: पहिल्यात दहा वर्षांपर्यंत आणि दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत, तिसऱ्यात दुखापत नसेल तर तीन महिन्यांपर्यंत. ३१८ हे फसवणुकीचे कलम, आणि त्यात फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवावे लागते. काम निकृष्ट निघाले एवढे त्याला पुरत नाही.

गुन्हा नोंदताना पोलीस शक्य ती सगळी कलमे लावतात, कारण तेव्हा तपास व्हायचा असतो. आरोपपत्रात ती तशीच राहिली, वाढली की गळाली, हे पाहणे महत्त्वाचे असते. तपासात काय हाती लागले याचा तो पहिला खरा अंदाज असतो. जामिनाच्या टप्प्यावरही न्यायालय हेच ताडून पाहते. राजकोटच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सल्लागाराला जामीन दिला, तेव्हा त्याने दिलेला अहवाल चबुतऱ्याच्या स्थैर्यापुरता होता, हा मुद्दा पुढे आला. शिल्पकाराला जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला. जामीन म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे. कोणत्या आरोपीचा कोणत्या कृत्याशी संबंध लावता येतो, याची ती प्राथमिक चाचपणी असते.

आता साक्षीदारांची यादी. दोन हजार साक्षीदार म्हटले की दोन हजार माणसांनी घटना पाहिली असे वाटते. तसे कधीच नसते. यादीतली बहुतांश माणसे कागद आणि वस्तू यांच्यासाठी असतात. ज्या दोन पंचांसमोर पंचनामा झाला ते पंच, शवविच्छेदन करणारा डॉक्टर, मृतदेह ओळखणारा नातेवाईक, मुद्देमाल ठाण्यातून प्रयोगशाळेत नेणारा शिपाई, फोटो काढणारा, मोबाइल कंपनीचा अधिकारी. मुंबईच्या खटल्यात १६६ मृत्यू होते, म्हणजे नुसत्या मृत्यूच्या पुराव्यासाठीच शेकडो माणसे लागणार. सरकार पक्षाने प्रत्यक्षात ६५३ साक्षीदार तपासले. बाकीचे वगळले गेले, कारण तेच तेच सांगणारे साक्षीदार उभे करून खटला लांबवण्यात कोणाचाच फायदा नसतो. यादीत नाव आहे म्हणून प्रत्येकाला बोलावले जाईल असे नाही, आणि यादीत नाव नसलेला माणूसही न्यायालयाच्या परवानगीने पुढे साक्षीदार होऊ शकतो.

डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार त्यांत थोडे होते, पण निरनिराळ्या ठिकाणचे होते. टर्मिनसवर गोळी लागलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी, कामा रुग्णालयातली परिचारिका, गिरगाव चौपाटीवरचे पोलीस. दोन वृत्तछायाचित्रकारांनी टर्मिनसवर हल्लेखोराचे फोटो काढले होते, आणि हे फोटो ज्यांनी काढले तेच न्यायालयात येऊन सांगणार होते. अनोळखी आरोपीच्या बाबतीत आणखी एक पायरी असते, ती म्हणजे ओळख परेड. तुरुंगात, पोलिसांच्या गैरहजेरीत, साधारण सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेतून साक्षीदाराने आरोपी ओळखायचा. ही परेड लवकर व्हावी लागते. आरोपीचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आल्यावर झालेल्या ओळखीची किंमत कमी होते. मुंबईत हा आक्षेप घेतला जाण्यासारखा होता, म्हणूनच फक्त ओळखीवर अवलंबून न राहता फोटो, हत्यार आणि जागेवरची अटक यांची त्याला जोड होती.

यादीमागे जोडलेले जबाब वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, आणि तो जबाब हा पुरावा नसतो. साक्षीदार न्यायालयात शपथेवर जे सांगेल तो पुरावा. जबाबाचा उपयोग मुख्यतः बचाव पक्षाला होतो: साक्षीदार न्यायालयात नवीन काही सांगू लागला, तर 'हे पोलिसांना का सांगितले नव्हते' असे विचारायला. साक्षीदार फिरण्याची भीती असेल तर त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर घेतला जातो आणि त्याचे वजन अधिक असते. पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीचे वजन मात्र शून्य. 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' ही बातमी वाचकाला निर्णायक वाटते, पण पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. सर्वसाधारण कायद्यात अपवाद एवढाच: आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर सापडण्याशी थेट जोडलेला तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. म्हणून आरोपपत्रांत 'आरोपीने काढून दिलेला चाकू' असे निवेदन पंचनामे भरपूर असतात. कसाबची कबुली महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे २० आणि २१ फेब्रुवारी २००९ रोजी नोंदली गेली, म्हणजे आरोपपत्राच्या चार-पाच दिवस आधी. त्याआधी त्याला समज देऊन विचार करायला वेळ दिला होता, आणि नोंद करताना पोलीस नव्हते. नंतर त्याने ती नाकारली. तरी न्यायालयांनी ती विचारात घेतली, कारण तिच्यातले तपशील दुसऱ्या पुराव्यांशी जुळत होते.

हे जुळणे म्हणजे काय, ते समुद्रप्रवासाच्या भागात चांगले दिसते. हल्लेखोर कराचीहून निघाले, वाटेत पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेतली, तिच्या तांडेलाला शेवटी ठार मारले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या बधवार पार्कजवळ उतरले, ही सरकार पक्षाची हकीकत होती. तिला आधार देणारे दुवे वेगवेगळे होते. 'कुबेर' समुद्रात तरंगताना सापडली, तिच्यावर तांडेलाचा मृतदेह, सॅटेलाइट फोन आणि जीपीएस यंत्र होते. त्या यंत्रातला मार्ग तज्ज्ञांनी काढला. नौकेवरच्या वस्तूंवर मिळालेला डीएनए हल्लेखोरांशी जुळला. रबरी होडीच्या यामाहा इंजिनाचा माग कंपनीच्या नोंदींतून काढला, तेव्हा ते पाकिस्तानात पाठवले गेल्याचे निघाले. यांतला एकेक दुवा स्वतंत्रपणे तुटू शकतो, पण चारही दुवे एकाच दिशेने बोट दाखवतात आणि त्यांतला एकही कबुलीवर अवलंबून नाही. जाणकार वाचक आरोपपत्रात हेच शोधतो: एकाच गोष्टीसाठी एकमेकांशी संबंध नसलेले किती स्रोत आहेत.

मासेमारी बंदरांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना यातली एक बाब चटकन समजेल. होडी, इंजिन, जाळे, जीपीएस या वस्तूंवर नंबर असतात आणि नोंदी असतात, म्हणून त्या बोलतात. पण वस्तू बोलण्यासाठी ती जप्त झाल्यापासून न्यायालयात येईपर्यंत कोणाच्या ताब्यात होती, याची साखळी अखंड असावी लागते. जागेवर पंचांसमोर सील, ठाण्यात मुद्देमाल रजिस्टरला नोंद, प्रयोगशाळेत पाठवल्याचे पत्र, तिथे सील शाबूत असल्याची पोच. गोळी मृतदेहातून निघाली आणि ती अमुक रायफलीतून सुटली, असे मुंबईच्या कलिना प्रयोगशाळेचा तज्ज्ञ सांगतो, तेव्हा तीच गोळी त्याच्यापर्यंत पोचली का, हा पहिला प्रश्न असतो. जप्ती सोमवारी आणि प्रयोगशाळेतली पोच तीन आठवड्यांनी, मधल्या काळाची नोंद नाही, असे दिसले की बचावाचा वकील तिथेच थांबतो.

सीसीटीव्ही आणि मोबाइलच्या बाबतीत हे आणखी कडक झाले आहे. मूळ यंत्र न्यायालयात आणता आले नाही आणि फक्त सीडी किंवा पेन ड्राइव्ह दिला, तर ती प्रत कशी काढली याचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या एका निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. नव्या साक्ष अधिनियमाच्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यात एक अक्षर जरी बदलले तरी बदलणारा आकडा, लिहावा लागतो. आणि कलम १९३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेले, याचा क्रम अहवालातच द्यावा लागतो. व्हॉट्सअॅपच्या स्क्रीनशॉटची छापील प्रत जोडलेली आणि प्रमाणपत्र नाही, हे आजच्या आरोपपत्रांतले फार नेहमीचे दृश्य आहे.

कच्चे दुवे आणखी कशावरून ओळखावेत? घटनेनंतर महिन्याने नोंदवलेला प्रत्यक्षदर्शीचा जबाब आणि उशिराचे कारण नाही. पाच साक्षीदारांचे जबाब शब्दशः सारखे, चुकांसकट. तेच दोन पंच प्रत्येक पंचनाम्याला हजर. फिर्यादीत नसलेले हत्यार नंतरच्या जबाबांत अचानक अवतरणे. यातल्या एकाने प्रकरण खोटे ठरत नाही, पण उलटतपासणी कुठे होणार हे कळते.

मुंबईच्या त्याच आरोपपत्रातला एक धागा मात्र असा तपासला गेला आणि तुटला. दोन भारतीय आरोपींवर आरोप होता की त्यांनी हल्ल्याच्या ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे पुरवले. पुरावा दुहेरी होता. एक नकाशा कसाबच्या मृत साथीदाराच्या पँटच्या खिशात सापडला, असे पंचनामा सांगत होता. आणि एका साक्षीदाराने सांगितले की हल्ल्याच्या बऱ्याच आधी नेपाळात एका आरोपीने दुसऱ्याला नकाशे देताना त्याने पाहिले. हकीकतीत हे चपखल बसत होते. न्यायालयाने वस्तू हातात घेऊन पाहिली. साथीदाराचे कपडे रक्ताने माखलेले होते, पण नकाशावर रक्ताचा डाग नव्हता, आणि इतका प्रवास, इतकी झटापट होऊनही कागद फारसा चुरगळलेला नव्हता. शिवाय इंटरनेटवर त्या जागांचे कितीतरी चांगले नकाशे सहज मिळत असताना ओबडधोबड हस्तनकाशावर हल्ला आखला जाईल, हेही पटण्यासारखे नव्हते. साक्षीदाराची नेपाळची हकीकतही विश्वासार्ह वाटली नाही.

आरोपपत्र दाखल झाल्यावर पुढच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. न्यायालय गुन्ह्याची दखल घेते, आरोपीला सगळ्या कागदांच्या प्रती मोफत दिल्या जातात, सत्र खटला असेल तर प्रकरण वर्ग होते. मग न्यायाधीश कागद पाहून आरोप निश्चित करतात, म्हणजे पोलिसांच्या यादीतून स्वतःची यादी करतात. पुरेसा आधार नसेल तर आरोपीला इथेच खटल्यातून मुक्त करता येते. कसाबच्या खटल्यात विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी मे २००९ मध्ये ८६ आरोप निश्चित केले. ३ मे २०१० रोजी त्यांनी कसाबला दोषी ठरवले आणि दोन्ही भारतीय आरोपींची निर्दोष मुक्तता केली. ६ मे रोजी फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या, शिक्षाही आणि मुक्तताही. म्हणजे त्याच हजारो पानांतला एक भाग तीन न्यायालयांत टिकला, आणि दुसरा तिन्हीकडे टिकला नाही. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला फाशी दिली गेली.

आरोपपत्र दाखल झाले म्हणजे तपास कायमचा बंद झाला असेही नाही. नवीन पुरावा मिळाला तर पुरवणी आरोपपत्र देता येते, खटला सुरू असेल तर न्यायालयाच्या परवानगीने. मुंबईच्या प्रकरणात जून २०१२ मध्ये मूळच्या बीड जिल्ह्यातल्या एका आरोपीला अटक झाली आणि त्याच्यासाठी वेगळे आरोपपत्र आले. पाहिजे आरोपींच्या यादीतली बाकीची बरीच नावे तशीच आहेत.

हे कागद कोणाला मिळू शकतात, हाही व्यावहारिक प्रश्न आहे. फिर्याद, म्हणजे प्राथमिक माहिती अहवाल, बहुतेक गुन्ह्यांत नोंदल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक गुन्हे आणि दहशतवादासारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत. आरोपपत्राला हा नियम लागू नाही. तेही तसेच सर्वांसाठी प्रसिद्ध करावे, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली, कारण तसे करणे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या रचनेशी विसंगत ठरेल आणि आरोपी, पीडित, इतकेच नव्हे तर तपास यंत्रणा यांच्याही हक्कांना बाधा येऊ शकेल. आरोपीला प्रत हक्काने मिळते. पीडिताला किंवा फिर्यादीला वकिलामार्फत ती मिळवता येते, आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत त्यांना कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. तिसऱ्या माणसाला न्यायालयात अर्ज करून, कारण सांगून, नकल मागावी लागते, आणि ती द्यायची की नाही हे त्या न्यायालयाने ठरवायचे असते.